मदत हवी आहे: सरकत्या जिन्याचं गणित, उत्तर ३० की ३६?

रामबागवाला (रात्री १०:४७)

मंडळी, घरात एका सरकत्या जिन्यावरून वाद पेटलाय आणि तो मिटल्याशिवाय आज कोणी झोपेल असं दिसत नाही. लेक बारावीत आहे, आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या कोर्सची प्रवेश परीक्षा द्यायची म्हणते. क्लासच्या शीटवर आलेला प्रश्न मराठीत असा:

वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून आई आणि मुलगी चालत वर जातात. वर पोचेपर्यंत आई १८ पायऱ्या चढते, मुलगी २४ पायऱ्या चढते. मुलीची चाल आईच्या दुप्पट आहे. जिना बंद असेल तर किती पायऱ्या दिसतील? पर्याय: ३०, ३२, ३६, ४२.

शीटच्या मागे उत्तर छापलंय ३६. लेकीचं येतंय ३०. तिची वही मी दोनदा तपासली, आकडेमोड चोख आहे.

माझी अडचण त्याच्याही आधीची आहे. जी जोरात चालते तिला पायऱ्या कमी चढाव्या लागायला हव्यात ना? ती लवकर पोचते! मला तर वाटतं १८ आणि २४ छापताना उलटे पडलेत. म्हणून मी आकडे उलटे घालून सोडवलं तर उत्तर आलं १४.४. आता पॉइंट चार पायरी कुठून आणू? मी कॉमर्सवाला, आयुष्य बँकेत गेलं. बायको म्हणते जिना सरकतोय तर गप उभं राहावं, चढायचंच कशाला. क्लासच्या सरांना विचारलं तर "शॉर्टकट लगाओ" एवढंच उत्तर मिळालं.

सुदामानगरचा_बंड्या (रात्री ११:०२)

भिया, दहा सेकंदांचं काम आहे. दोघींच्या पायऱ्यांचा गुणाकार करा: १८ गुणिले २४, म्हणजे ४३२. मग आईच्या पायऱ्यांची दुप्पट करून त्यातून मुलीच्या वजा करा: ३६ वजा २४, म्हणजे १२. ४३२ भागिले १२, उत्तर ३६. शीट बरोबर आहे. मी बँकेच्या परीक्षेत हेच लावून आलो. आणि एक पाठ करून ठेवा, जोरात चालणाऱ्याच्या पायऱ्या नेहमी जास्त. का ते विचारत बसू नका, परीक्षेत वेळ जातो.

वर्षाकाकू (रात्री ११:१०)

कुठला जिना बंद आहे म्हणालात? आमच्याजवळच्या मॉलचा तर गेल्या महिन्यात आठवडाभर बंद होता. माझ्या गुडघ्यांची वाट लागली. आणि एक सांगा, बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकलं की तोल गेल्यासारखं का होतं? साध्या जिन्यावर कधी होत नाही.

रामबागवाला (रात्री ११:१४)

काकू, जिना शीटवरचा आहे, मॉलमधला नाही 😄 बंड्या, ते "का" च हवंय मला. उत्तर तर मागच्या पानावर छापलेलं आहेच.

निवृत्त_मास्तरीण (सकाळी ६:५०)

काल लवकर झोपले, आत्ता वाचलं. रामबागवाले, तुमची शंका चांगली आहे आणि ती पूर्ण चुकीचीही नाही. फक्त ती दुसऱ्या जिन्याला लागू पडते. थोडं लांबण लावते.

पोह्यांसाठी मटार सोलायला बसलाय असं समजा. समोर ३६ शेंगांचा ढीग आहे. शेजारी एक बाई बसली आहे, तिचा वेग ठरलेला, ना कमी ना जास्त. तुम्ही दोघं मिळून ढीग संपवता. आता तुम्ही भराभर हात चालवलात तर काय होईल? ढीग लवकर संपेल, म्हणजे त्या बाईला सोलायला वेळ कमी मिळेल, म्हणजे तिच्या वाट्याच्या शेंगा घटतील. ढीग तर ३६ चाच आहे. तिच्या घटल्या त्या तुमच्या वाढल्या. ती शेजारची बाई म्हणजे जिना. तुम्ही हळू चाललात तर तो तुमच्यासाठी जास्त पायऱ्या उरकतो, तुम्ही घाई केलीत तर त्याला संधीच मिळत नाही. तुमच्या सौ. सारखं नुसतं उभं राहिलं तर सगळ्या ३६ त्याच्याच.

तुम्ही लवकर पोचणे आणि कमी पायऱ्या चढणे ही एकच गोष्ट मानलीत, गाठ तिथे बसली आहे. वेळ वाचतो हे खरं, पण तो पायांच्या जोरावर वाचतो.

आता आकडे. आई सेकंदाला एक पायरी चढते असं धरा. हा आकडा कितीही धरा, उत्तर तेच येईल. तिला १८ पायऱ्यांना १८ सेकंद लागले. मुलगी सेकंदाला दोन चढते, तिला २४ पायऱ्यांना १२ सेकंद लागले. म्हणजे जिन्याला आईबरोबर १८ सेकंद मिळाले आणि मुलीबरोबर १२. सहा सेकंद कमी मिळाले म्हणून त्याच्या सहा पायऱ्या कमी झाल्या, कारण मुलीला त्या सहा जास्त चढाव्या लागल्या. सहा सेकंदांत सहा, म्हणजे जिना सेकंदाला एक पायरी देतो. आईच्या १८ आणि जिन्याच्या १८ मिळून ३६. मुलीच्या २४ आणि जिन्याच्या १२ मिळून पण ३६. हा दुसरा ताळा नेहमी करायला सांगा लेकीला, त्यात चूक लगेच सापडते.

आता तुमचे उलटे आकडे. शेजारची बाई सोलण्याऐवजी ढिगात नवीन शेंगा टाकत बसली तर? मग तुम्ही जितका वेळ लावाल तितका ढीग वाढेल, आणि भराभर सोलणाऱ्याला एकूण कमी सोलाव्या लागतील. तुमचं म्हणणं इथे तंतोतंत खरं आहे. हा खाली येणाऱ्या जिन्यावरून वर चढण्याचा प्रकार. हळू चालणारी २४ चढेल, जोरात चालणारी १८, आणि जिना खरा १४.४ पायऱ्यांचा. तुमचं गणित चुकलेलं नाही, तुम्ही नकळत जिना उलटा फिरवलात. अपूर्णांक आला कारण आकडे त्या जिन्यासाठी बेतलेले नव्हते.

बंड्या, म्हणून तुझं "नेहमी जास्त" अर्धंच खरं. जिन्याच्या दिशेने चालताना जास्त, उलट चालताना कमी. दिशेने चालणाऱ्याची मोजणी खऱ्या आकड्याच्या खालीच राहते, उलट चालणाऱ्याची वर. लेक कितीही पळाली तरी सुलट जिन्यावर तिच्या ३७ होणार नाहीत.

३० कसं आलं हे मात्र वही पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. लेकीने मुलीची वेळ आईच्या निम्मी धरली आहे का, बघा.

रामबागवाला (सकाळी ८:०५)

बाई, नमस्कार. मटारच्या शेंगा बायकोला सांगितल्या, ती म्हणाली हे तर मला ठाऊकच होतं.

होय, लेकीने वेळ निम्मीच धरली आहे. तिचं म्हणणं: चाल दुप्पट तर वेळ निम्मी, यात काय चूक? अंतर तर तेच. शीटवरचं मूळ वाक्य हिंदीत आहे: "बेटी की चाल माँ की चाल से दुगुनी है।"

निवृत्त_मास्तरीण (सकाळी ८:४०)

वाटलंच. तिला विचारा, कोणाच्या नजरेने दुप्पट?

खाली जमिनीवर उभा असलेला माणूस बघतोय असं धरलं तर मुलगी वर सरकण्याचा एकूण वेग म्हणजे तिचे पाय अधिक जिना. तो एकूण वेग आईच्या दुप्पट असेल तर वेळ निम्मी होईल. मग जिन्याने आईला १२ दिल्या आणि मुलीला ६. १८ अधिक १२ तीस, २४ अधिक ६ तीस. तिचाही ताळा जमतो, म्हणून तर तिला चूक दिसत नाही.

पण मग पाय बघा. आईने पूर्ण वेळात १८ चढल्या, मुलीने अर्ध्या वेळात २४, म्हणजे पूर्ण वेळात ४८ झाल्या असत्या. १८ ला ४८ म्हणजे पाय अडीचपटीहूनही जोरात. पाय दुप्पट केले तर वेळ निम्मी होत नाही, कारण जिना तुमच्या घाईबरोबर घाई करत नाही. ३६ वाल्या हिशेबात मुलीला आईच्या दोनतृतीयांश वेळ लागतो, १८ ला १२.

या जातीच्या प्रश्नात "चाल" म्हणजे पायांची चाल, जिन्यावर सेकंदाला किती पायऱ्या, असं धरण्याचा रिवाज आहे. म्हणून ३६. पण वाक्य ढिसाळ आहे हे मी मान्य करते, आणि पर्यायांत ३० ठेवलंय म्हणजे प्रश्न काढणाऱ्याला हा घोटाळा ठाऊक होता. मुद्दाम लावलेला सापळा की निष्काळजीपणा, ते त्यालाच माहीत. "मुलगी आईच्या निम्म्या वेळात पोचते" असं लिहिलं असतं तर लेकीचे ३० शंभर टक्के बरोबर.

सुदामानगरचा_बंड्या (सकाळी ९:१५)

बाई, पण माझं सूत्र उलट्या जिन्यालाही चालतं! २४ गुणिले १८ भागिले (४८ वजा १८), आलं १४.४. मग पाठ केलं तर वाईट काय?

निवृत्त_मास्तरीण (सकाळी ९:५२)

वाईट काही नाही, सूत्र खरं आहे. फक्त भागिले खालचा आकडा बघायला शीक. आईच्या १८ कायम ठेव आणि मुलीच्या बदलत जा. मुलीच्याही १८ च निघाल्या तर उत्तर १८ येतं. अर्थ असा की जिना बंदच होता, दोघींनी साधा जिना चढला. मुलीच्या ३६ घातल्यास खाली शून्य येतं. दुप्पट वेगाने दुप्पट पायऱ्या चढली म्हणजे दोघींना वेळ सारखाच लागला, असा जिना कुठेच नसतो. तेव्हा सुलट जिन्यावर तिचा आकडा १८ आणि ३६ च्या मध्येच हवा.

आणि मधल्या मध्ये सुद्धा गंमत बघ. २३ घातले तर उत्तर ३२ च्या जरा खाली, २४ ला ३६, २५ ला ४१ च्या आसपास, ३० ला थेट ९०. मुलीने मोजताना एक पायरी इकडेतिकडे केली की जिना चार-पाच पायऱ्यांनी लांबतो किंवा आखूड होतो. कागदावर २४ म्हणजे २४. खऱ्या जिन्यावर हे करायला जाल तेव्हा कळेल.

वर्षाकाकू (सकाळी ११:२०)

मग विमानतळावरच्या त्या सपाट सरकत्या पट्ट्याचं कसं? दिल्लीला टर्मिनल ३ वर आईला घेऊन गेले होते. आई पट्ट्यावरून तुरुतुरु चालली, नातू ढांगा टाकत पुढे गेला आणि म्हणे आजी, माझी पावलं तुझ्यापेक्षा कमी झाली. बाईंच्या हिशेबाने तर त्याची जास्त व्हायला हवीत.

निवृत्त_मास्तरीण (सकाळी ११:४५)

वर्षाताई, जिन्यावर पावलाचं माप लोखंडाने ठरवून दिलेलं असतं. आजी असो की नातू, एक पायरी ती एक पायरी. पट्ट्यावर ज्याची त्याची ढांग. नातवाची ढांग आजीच्या दीडपट असेल तर पावलांची संख्या ताडून उपयोग नाही, दोघांनी पट्ट्यावर मीटर किती तुडवले ते ताडायला हवं. मीटर नातवाचेच जास्त भरतील. हाच घोटाळा जिन्यावर दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारे करतात. त्यांनी पायऱ्या मोजायच्या, पावलं नाही.

जिनेमिस्त्री (दुपारी २:३०)

लोकमान्य नगरचा आहे, सध्या नोकरीला वडोदऱ्यात. लिफ्ट आणि एस्केलेटरची देखभाल करतो. गणित शाळेत सुटलं, पण जिना रोज उघडतो.

खऱ्या जिन्याची पायरी साधारण ४० सेंटीमीटर खोल असते आणि चालीचा वेग बहुतेक ठिकाणी सेकंदाला अर्धा मीटर ठेवलेला असतो. म्हणजे कंगव्यातून सेकंदाला सव्वा पायरी बाहेर येते. कंगवा म्हणजे तोंडाशी दातेरी पट्टी असते ती. जिन्याचा उतार ३० अंशांचा असेल तर एक पायरी २० सेंटीमीटर उचलते. तुमचा ३६ चा जिना म्हणजे उंची सात मीटरच्या आसपास, मॉलच्या एका मजल्यापेक्षा बरीच जास्त. अशक्य नाही, पण क्लासवाल्यांचे ९० पायऱ्यांचे जिने वाचले की हसू येतं. १८ मीटर वर कुठे नेताय माणसाला?

"किती पायऱ्या दिसतील" हे आमच्या धंद्यात सरळ उत्तर नसलेलं आहे. खाली आणि वर दोन-तीन पायऱ्या सपाट असतात, एक अर्धी कंगव्याच्या आत असते. त्या धरायच्या की सोडायच्या?

वर्षाकाकू, तुमचं तोल जाणं मला रोज लोक सांगतात. एक तर पायाला सवय झालेली असते की जिना पुढे ओढणार, तो ओढत नाही. दुसरं म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या पायऱ्यांची उंची सारखी नसते, हळूहळू वाढत आणि घटत जाते. म्हणून बंद जिना साध्या जिन्यासारखा चढू नका, कठडा धरा.

आणि कोणी प्रयोग करायला गेलात तर उलट्या दिशेने चढू नका, पोरांना तर मुळीच नाही. अजून एक: काही जिने रिकामे असले की मंद चालतात आणि माणूस आला की वेग घेतात. तसला निघाला तर सगळे आकडे बोंबलतील.

रामबागवाला (रविवार, दुपारी १:१०)

मंडळी, करून आलो. मॉल उघडल्या-उघडल्या गेलो, गर्दी नव्हती. जिना मिस्त्री म्हणाले तसा मंद होणारा नव्हता, हे आधी पाच मिनिटं उभं राहून पाहिलं. गार्ड संशयाने बघत होता.

आधी लेकीने फोनवर वेळ लावून कंगव्यातून निघणाऱ्या पायऱ्या मोजल्या. २० सेकंदांत २५. मिस्त्रीभाऊ, तुमची सव्वा पायरी अगदी बरोबर! मग बायको एका पायरीवर नुसती उभी राहिली, तिचा हट्ट पुरा झाला. खालून वर २५ सेकंद. म्हणजे जिना साधारण ३१ पायऱ्यांचा.

मग मी सेकंदाला एक, मनात घड्याळ म्हणत चढलो. १४ पायऱ्या, १४ सेकंद. त्या वेळात जिन्याने दिल्या साडेसतरा. बेरीज साडेएकतीस. लेक सेकंदाला दोन या गतीने चढली, १९ पायऱ्या, साडेनऊ सेकंद. जिन्याच्या जवळपास १२, बेरीज पुन्हा ३१. आणि हो, जोरात चालणारीच्या पायऱ्या जास्त निघाल्या, माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या १४, तिच्या १९. मी शंका मागे घेतो.

मग घरी येऊन क्लासच्या पद्धतीने, घड्याळ बाजूला ठेवून नुसत्या १४ आणि १९ वर सोडवलं. बंड्याचं सूत्र: १४ गुणिले १९ भागिले ९, आलं साडेएकोणतीस. लेक म्हणते तिने १९ नाही, २० पायऱ्या चढल्या, वरची सपाट पायरी मी धरली नाही. तिच्या २० ने उत्तर येतं ३५! बाई, तुम्ही म्हणालात ते एका पायरीचं प्रकरण अंगावर आलं.

निवृत्त_मास्तरीण (रविवार, दुपारी १:३५)

छान केलंत. घड्याळाची बेरीज जवळ आली कारण तिथे एका पायरीची चूक एकाच पायरीची राहते. सूत्रात तीच चूक भागिले ९ की भागिले ८ इथे घुसते आणि फुगते. म्हणून सूत्र परीक्षेपुरतं, जिन्यावर घड्याळ.

सुदामानगरचा_बंड्या (रविवार, दुपारी १:५०)

तरी पण १९ की २०? सपाट पायरी धरायची का नाही?

जिनेमिस्त्री (रविवार, दुपारी ३:०५)

सपाट भागावर माणूस पायरीगणिक पाऊल टाकतच नाही, एका ढांगेत दीड-दोन पायऱ्या जातात. लेक शेवटच्या टप्प्यात कशी चालली ते तिलाच माहीत. व्हिडिओ काढलाय का?

रामबागवाला (रविवार, दुपारी ३:२०)

काढत होतो. तिसऱ्या फेरीला गार्ड आला, "भैया, ये चलने के लिए नहीं, खड़े रहने के लिए है." बायको तेव्हापासून हसतेय. व्हिडिओत लेकीचे पाय सतराव्या पायरीपर्यंत दिसतात, पुढे गार्डची पाठ.